डॅन्यूबवरचं धरण: हंगेरीची निकडही नाकारली, चेकोस्लोव्हाकियाचं प्रत्युत्तरही. असं कसं?

सुमेधा_र

गेले तीन आठवडे एकच निकालपत्र वाचते आहे. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा २५ सप्टेंबर १९९७ चा निकाल, हंगेरी आणि स्लोव्हाकिया यांच्यातला. चेकोस्लोव्हाकिया फुटल्यावर तिच्या बाजूने हा वाद स्लोव्हाकियाने लढवला. आधी हकीकत सांगते, मग माझं घोडं कुठे अडलंय ते.

१९७७ मध्ये हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकिया यांनी डॅन्यूबवर एकत्र प्रकल्प बांधायचा करार केला. हंगेरीच्या हद्दीत दुनाकिलितीला बंधारा घालायचा, तिथून पाणी कालव्याने पलीकडच्या हद्दीतल्या गाबचिकोवोच्या वीजघराकडे न्यायचं आणि खूप खाली, हंगेरीतच, नॉजमारोशला दुसरं धरण बांधायचं. गाबचिकोवोची क्षमता ७२० मेगावॅट, नॉजमारोशची १५८. विजेची मागणी वाढेल तेव्हा गाबचिकोवो जोरात चालवायचं आणि त्यामुळे नदीला येणारे चढउतार नॉजमारोशने सांभाळायचे, अशी रचना होती. एकातून एक काढलं तर दुसरं लंगडं.

मग हंगेरीत विरोध पेटला. भूजल खराब होईल, जलाशयात गाळ बसेल, काठचं ओलं जंगल मरेल, बुडापेस्टच्या विहिरींचं पाणी जाईल, असं लोक म्हणू लागले. १३ मे १९८९ ला हंगेरीने नॉजमारोशचं काम थांबवलं, पुढे दुनाकिलितीचंही. ऑक्टोबर संपता संपता नॉजमारोश सोडूनच दिलं. चेकोस्लोव्हाकियाचं बांधकाम तोवर खूप पुढे गेलं होतं. त्यांनी आपल्या एकट्याच्या हद्दीत पर्यायी योजना आखली, तिला सगळे ‘व्हेरियंट सी’ म्हणतात. नोव्हेंबर १९९१ मध्ये तिचं काम सुरू झालं आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये चुनोवोला नदी अडवली. ८० ते ९० टक्के पाणी त्यांच्या कालव्यात गेलं. त्याआधी मे महिन्यात हंगेरीने ‘करार संपला’ असं कळवून टाकलं होतं.

न्यायालयाने काय म्हटलं? हंगेरीने काम थांबवणं चूक (१४ विरुद्ध १). चेकोस्लोव्हाकियाने व्हेरियंट सी बांधायला घेणं चालेल (९ विरुद्ध ६), पण नदी अडवून ती चालू करणं चूक (१० विरुद्ध ५). करार मात्र जिवंतच (११ विरुद्ध ४).

हंगेरी म्हणत होती की आमच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, म्हणजे निकड होती. पलीकडचे म्हणत होते की तुम्हीच आम्हाला या थराला आणलंत. पर्यावरण हे राष्ट्राचं अत्यावश्यक हित असू शकतं, हे न्यायालयानेही मान्य केलंय. तरी दोघांचंही म्हणणं पडलं. नेमकं कुठे पडलं? आणि समजा निकड मान्य झाली असती, तर करार संपला असता का?

रोखठोक

यात एवढं गूढ काय आहे? पहिला करार मोडला हंगेरीने. ज्याने आधी मोडला त्याने समोरच्याच्या वागण्याबद्दल तक्रार करू नये. जशास तसे. देशांच्या वर कुणी पोलीस नाही, म्हणून तर प्रत्युत्तराचा अधिकार दिलेला आहे. १० विरुद्ध ५ मधले ते पाच बरोबर होते असं माझं मत.

पाणलोट

कायद्यातलं मला कळत नाही, पण नद्या आणि बंधारे यात माझी वीस वर्षं गेलीत. बुडापेस्टच्या विहिरींचा मुद्दा समजून घेतल्याशिवाय हा निकाल समजणार नाही, म्हणून लिहितो.

बुडापेस्टचं बरंचसं पिण्याचं पाणी नदीकाठच्या विहिरींतून येतं. नदीचं पाणी काठच्या गोट्या-वाळूतून झिरपत विहिरीत उतरतं आणि त्या प्रवासातच गाळलं जातं. आता वर धरण बांधलं की वाळू-गोटे जलाशयात अडकतात आणि खाली सुटणारं पाणी रिकामं असतं. रिकामं पाणी भुकेलं असतं, ते खालच्या तळातला थर उचलून नेतं. तळ खोल जातो, नदीची पातळी उतरते आणि विहिरींत येणारं पाणी घटतं. हंगेरीची नॉजमारोशबद्दलची भीती ही होती आणि ती खोटी नव्हती.

पण दोन गोष्टी हंगेरीच्या विरोधात जातात. त्या पट्ट्यात नदीचा तळ धरणाच्या आधीच खोल गेला होता, कारण नदीतून रेती-गोटे उपसले जात होते. दुसरं म्हणजे यावर उपाय आहे आणि तो जुना आहे: धरणाच्या खाली अधूनमधून गोटे टाकत राहायचं. खर्चिक, कंटाळवाणं, कायमचं काम. पण होतं.

अनंत_दे

पाणलोट, तुम्ही कायदा कळत नाही म्हणता आणि निकालाचं मर्म सांगून मोकळे झालात. मी हा विषय बरीच वर्षं शिकवला, त्या अनुभवावर थोडं जोडतो.

निकडीचा नियम मुद्दाम नकारार्थी लिहिलेला आहे. ‘अमुक झालं तर निकड सांगता येईल’ असं तो म्हणत नाही. ‘सगळ्या अटी एकत्र पुऱ्या झाल्याशिवाय निकड सांगताच येणार नाही’ असं म्हणतो. देशांच्या जबाबदारीबद्दलच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाच्या २००१ च्या मसुद्यात तो अनुच्छेद २५ आहे. हा खटला चालला तेव्हा त्याचाच आधीचा मसुदा हाताशी होता आणि तो रूढीने आलेला कायदा आहे असं न्यायालयाने मान्य केलं. अटी पुऱ्या झाल्या की नाही हे एकटा तो देश ठरवू शकत नाही, हेही तिथेच बजावलं.

आता हंगेरी कुठे अडखळली ते बघा. हित अत्यावश्यक होतं, ती पायरी पार. पुढची पायरी संकटाची: ते गंभीर हवं आणि येऊन ठेपलेलं हवं. सुमेधाताई, निकालातला हा भाग परत वाचा. दूरच्या भविष्यातलं संकटसुद्धा ‘येऊन ठेपलेलं’ असू शकतं असं न्यायालय म्हणतं, पण त्या क्षणी ते खात्रीचं आणि अटळ आहे हे सिद्ध व्हायला हवं. हंगेरीकडे होती ती अनिश्चितता. तिने स्वतः करून घेतलेल्या अभ्यासांतही परिणाम नक्की सांगता येत नाहीत असंच होतं. ‘काय होईल ते माहीत नाही’ ही काळजीची गोष्ट आहे, निकडीची नाही.

त्यापुढची पायरी म्हणजे दुसरा मार्ग नसणं. इथे पाणलोट यांचे गोटे येतात. निकालपत्रात खरोखरच लिहिलंय की हंगेरीला धरणाखाली नदीत गोटे टाकता आले असते आणि गरज पडली तर बुडापेस्टसाठी नदीचं पाणी प्रक्रिया करून पुरवता आलं असतं. हे महाग पडलं असतं, हे उत्तर पुरत नाही. वरच्या भागात तर दुनाकिलितीचा बंधारा हंगेरीच्याच ताब्यात येणार होता, म्हणजे पाणी किती सोडायचं यावर तिचा हात राहणारच होता.

आणि या सगळ्यावर शेवटचा खिळा. हंगेरीने १९८३ मध्ये काम सावकाश घ्यायला लावलं होतं. मग ६ फेब्रुवारी १९८९ ला तिनेच काम १५ महिने लवकर पुरं करायचा करार केला. आणि तीन महिन्यांत म्हणते, थांबवल्याशिवाय गत्यंतर नाही! ज्या परिस्थितीला आपण स्वतः हातभार लावला, तिच्यावर बोट ठेवून निकड सांगता येत नाही.

संयमी

मी छोटी बांधकामं घेतो. आमच्या करारात आपत्तीचं एक कलम असतं: पूर, भूकंप, दंगल झाली तर उशिराचा दंड लागत नाही. गेल्या वर्षी मालाचे भाव अचानक चढले, मी काम थांबवलं आणि हेच कलम दाखवलं. समोरच्या पार्टीने मानलं नाही, आता प्रकरण लवादाकडे आहे. हंगेरीचं आणि माझं एकच दिसतंय. या निकालाचा दाखला दिला तर चालेल का?

अनंत_दे

संयमी, तुमचा त्रास समजतो, पण कृपा करून हा निकाल तिथे नेऊ नका. हे देशादेशांतल्या जबाबदारीचे नियम आहेत. तुमचं प्रकरण तुमच्या करारातल्या शब्दांवर आणि तुमच्यावर लागू असलेल्या करारकायद्यावर ठरेल. त्यासाठी तुमच्या वकिलांशी बोला.

तुमच्या प्रश्नाने एक फरक मात्र चांगला समोर आला. तुमचं कलम ज्याच्याबद्दल आहे त्याचं आंतरराष्ट्रीय भावंड वेगळ्या अनुच्छेदात आहे. अशी शक्ती आड येते की पाळायचं म्हटलं तरी पाळणं अशक्य होतं. वादळाने विमान भलत्या देशाच्या हवेत ढकललं, तर वैमानिकाने काही निवडलेलं नसतं. निकडीत देश जाणूनबुजून निवड करतो: करार पाळता येतो आहे, तरी मी मोडतो, कारण पाळला तर याहून मोठं काही बुडेल. निवड आहे म्हणूनच अटी इतक्या जाचक. आणि दोन्हीकडे नुसतं महाग किंवा अवघड होणं पुरत नाही, हे तुमच्या भावांबद्दलही लक्षात असू द्या.

संयमी

समजलं, धन्यवाद. लवादापुढे हंगेरीचं नाव काढत नाही. पण मग निकड कुणाची कधी मान्य झाली आहे तरी का?

अनंत_दे

शिकवताना हमखास दिलं जाणारं उदाहरण १९६७ चं. टॉरी कॅन्यन नावाचं लायबेरियाच्या झेंड्याचं तेलजहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यापाशी, पण ब्रिटनच्या सागरी हद्दीबाहेर, खडकावर चढलं. तेल किनाऱ्याकडे येऊ लागलं. ब्रिटनने आधी इतर उपाय करून पाहिले, ते फसले, तेव्हा उरलेलं तेल जाळून टाकण्यासाठी जहाजावर बॉम्ब टाकले. कुणी निषेध नोंदवला नाही. ते प्रकरण कोर्टात गेलं नाही, तरी अटी कशा दिसतात ते त्यात दिसतं: संकट डोळ्यांसमोर होतं, ब्रिटनने ओढवलेलं नव्हतं आणि इतर मार्ग संपलेले होते.

रोखठोक

हंगेरीचं पटलं. पण माझा मुद्दा तसाच आहे. हंगेरी चूक ठरली ना? मग प्रत्युत्तर चूक कसं?

सुमेधा_र

रोखठोक, एक गंमत मला काल रात्री सापडली. प्रत्युत्तर हा स्लोव्हाकियाचा मुख्य बचाव नव्हताच! त्यांचं म्हणणं होतं की व्हेरियंट सी बेकायदा नाहीच, मूळ कराराची ती शक्य तितकी जवळची अंमलबजावणी आहे. न्यायालयाने ते मानलं नाही, कारण करार एकत्र चालवायच्या प्रकल्पाचा होता आणि हे सगळं एकतर्फी होतं. नुकसान कमी करण्यासाठी केलं, असाही युक्तिवाद होता. त्यावर उत्तर असं की ते तत्त्व भरपाईचा हिशेब करताना कामाला येतं, चुकीच्या कृत्याला सोडवायला नाही. निदान प्रत्युत्तर म्हणून तरी हे बसतं, असंही त्यांनी जोडीला म्हटलं होतं, ते न्यायालयाने त्यानंतर तपासलं.

अनंत_दे

अगदी बरोबर, आणि तिथेच रोखठोक यांचं अर्धं उत्तर आहे. समोरच्याने आधी चूक केलेली असणं ही प्रत्युत्तराची पहिली अट आहे. ती पुरी झाली. दुसरी अट, चूक थांबव असं आधी सांगायचं. चेकोस्लोव्हाकियाने ते अनेकदा सांगितलं होतं, तीही पुरी. पडलं ते प्रमाणावर.

तराजूच्या दोन पारड्यांत काय आहे पाहा. एका पारड्यात हंगेरीने न बांधलेली धरणं. दुसऱ्यात दोघांच्या नदीचं ८०-९० टक्के पाणी एकाने वळवून घेणं. कराराने हंगेरीने आपल्या वाट्याच्या पाण्यातून काही द्यायला संमती दिली होती हे खरं, पण एकत्र चालणाऱ्या प्रकल्पासाठी. सामायिक नदीतला न्याय्य वाटा तिने कुणाच्या हवाली केला नव्हता. आणि त्या पाण्याच्या अभावाचे परिणाम काठच्या सिगेतकोझ भागावर होत राहणार होते. म्हणून प्रमाण सुटलं.

जशास तसे म्हणाल तर तेही इथे नाही. प्रत्युत्तराचा हेतू शिक्षा करण्याचा नसतो, समोरच्याला परत कर्तव्यावर आणण्याचा असतो, म्हणून ते शक्यतो मागे घेता येईल असं हवं. न्यायालयाने त्या अटीत शिरायची गरजच मानली नाही, कारण प्रमाणावरच सगळं संपलं होतं. मला वाटतं, शिरलं असतं तर तिथेही चेकोस्लोव्हाकियाला जड गेलं असतं. नदी एकदा वळवली, वीजघर फिरू लागलं, त्यावर शेती-उद्योग उभे राहिले की परत वळवणार कोण?

रोखठोक

मग प्रमाणात बसणारं प्रत्युत्तर असतं तरी कसं? सगळंच प्रमाणाबाहेर म्हणायचं तर अधिकार कागदावरच राहिला.

अनंत_दे

रास्त प्रश्न. १९७८ चा अमेरिका-फ्रान्स हवाईसेवा लवाद बघा. पॅन अॅम लंडनला मोठ्या विमानातून छोट्या विमानात प्रवासी बदलून पॅरिसला नेऊ लागली. फ्रान्स म्हणे, हे करारात बसत नाही. मे महिन्यात पॅरिसच्या विमानतळावर पोलिसांनी विमान घेरलं, प्रवाशांना उतरू दिलं नाही. अमेरिकेने एअर फ्रान्सची आठवड्यातून तीन वेळा होणारी पॅरिस-लॉस एंजेलिस सेवा बंद करायचा आदेश काढला. तो अमलात यायच्या आधीच दोघे लवादाला तयार झाले. लवाद म्हणाला की हे उघडपणे प्रमाणाबाहेर नाही. आणि प्रमाण मोजणं हे फार तर अंदाजाचंच काम असतं, हेही कबूल केलं. तिकडे मार्गाला मार्ग होता. इकडे न बांधलेल्या धरणाला अख्खी नदी.

काही गोष्टी मात्र कितीही प्रमाणात असल्या तरी प्रत्युत्तर म्हणून चालत नाहीत: बळाचा वापर, मूलभूत मानवी हक्कांना हात लावणं, वकिलातींचं संरक्षण मोडणं. आणि वाद निवाड्याचा अधिकार असलेल्या न्यायालयापुढे असेल, समोरच्याने चूकही थांबवली असेल, तर चालू प्रत्युत्तर विनाविलंब स्थगित करायचं. तेव्हा अधिकार आहे, पण त्याला कुंपण आहे.

मुक्ता_न

मी पर्यावरणाच्या बाजूने लिहिते आणि मला हा निकाल बोचतो. ‘खात्रीचं आणि अटळ’ ही अट भूजलाला लावणार? भूजल बिघडतं ते दहा-वीस वर्षांनी कळतं आणि कळतं तेव्हा ते अटळ राहिलेलं नसतं, होऊन गेलेलं असतं. अनिश्चितता हा हंगेरीचा दोष धरला, पण पाण्याच्या बाबतीत सगळं ज्ञान अनिश्चितच असतं. मग निकडीचं दार पर्यावरणाला फक्त नावापुरतं उघडं ठेवलं, असं म्हणायचं का?

पाणलोट

मुक्ताताई, भूजलाबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. विहिरीतल्या नमुन्यात बदल दिसतो तोवर मागे वळायची वेळ गेलेली असते. तरी मी न्यायालयाच्या बाजूने झुकतो. अनिश्चितता असेल तेव्हा अभियंता काय करतो? काम टप्प्याने करतो, मोजत राहतो, पाणी जास्त सोडतो, कमाल मागणीच्या वेळची ती उघडझाक बंद करतो. हे सगळे दुसरे मार्ग आहेत आणि ते कराराच्या आत आहेत. निकड म्हणजे करारच बाजूला.

मुक्ता_न

टप्प्याने करायला समोरचा ऐकायला हवा ना. तो म्हणतो, काम वेळेत पुरं करा. तुम्ही मोजत बसणार आणि तो काँक्रीट ओतत राहणार.

अनंत_दे

मुक्ता, यावर माझ्याकडे स्वच्छ उत्तर नाही. निकडीचं दार रुंद केलं तर प्रत्येक सरकार निवडणुकीआधी त्यातून बाहेर पडेल, ही भीती मला खरी वाटते. पण तुम्ही म्हणता ते अरुंद दार भूजलाच्या गतीला जुळत नाही, हेही खरं. न्यायालयाने तुमच्या मुद्द्याची सोय दुसरीकडे केली: नवे पर्यावरणीय मापदंड करार राबवताना विचारात घ्या, गाबचिकोवोच्या परिणामांकडे दोघांनी मिळून नव्याने पाहा, जुन्या पात्रात पुरेसं पाणी सोडण्यावर तोडगा काढा. न्यायाधीश एप्रिल १९९७ मध्ये स्वतः नदीवर जाऊन आले होते, न्यायालयाच्या इतिहासातली ती पहिली स्थळभेट.

सुमेधाताईंचा दुसरा प्रश्न राहिलाच. निकड मान्य झाली असती तरी करार संपला नसता. निकड करार संपवत नाही, न पाळण्याची जबाबदारी तेवढी तात्पुरती उतरवते. संकट सरलं की कर्तव्य परत उभं. हंगेरीच्या मे १९९२ च्या पत्रालाही म्हणूनच निकडीचा आधार मिळाला नाही. आणि मधल्या काळात समोरच्याचं खरोखर नुकसान झालं असेल तर भरपाईचा प्रश्न मसुद्याने मुद्दाम उघडा ठेवलाय.

सुमेधा_र

उघडा म्हणजे? द्यायची की नाही?

अनंत_दे

अनुच्छेद २७ फक्त एवढंच म्हणतो की बचाव मान्य झाला म्हणून भरपाईच्या प्रश्नाला बाध येत नाही. किती, कधी, कुणी, काही नाही. त्याचं फळ अर्जेंटिनाच्या आर्थिक संकटात दिसलं. गॅसक्षेत्रातल्या दोन अमेरिकी गुंतवणूकदार कंपन्यांची तक्रार अमेरिका-अर्जेंटिना यांच्यातल्या एकाच गुंतवणूक करारावर, एकाच संकटाबद्दल. २००५ मध्ये सीएमएस प्रकरणात लवादाने निकड नाकारली, आणि मान्य असती तरी भरपाई टळली नसती असं म्हटलं. २००६ मध्ये एलजी अँड ई प्रकरणात दुसऱ्या लवादाने १ डिसेंबर २००१ ते २६ एप्रिल २००३ एवढ्या काळापुरती अर्जेंटिनाला सूट दिली आणि त्या काळाचं नुकसान गुंतवणूकदारानेच सोसायचं ठरवलं. दुसऱ्या लवादाचा भर करारातल्या स्वतंत्र कलमावर जास्त होता, हे खरं. तरी एवढी तफावत!

संयमी

आणि डॅन्यूबवाल्यांना कुणी कुणाला पैसे दिले?

सुमेधा_र

दोघेही चुकले म्हणून दोघांनाही एकमेकांकडून भरपाई येणं, असा उभा-आडवा हिशेब निघाला. दोघांनी आपापले पैशाचे दावे सोडले तर एकूण तडजोडीत हे मिटेल, असं न्यायालयाने सुचवलं आणि करार कसा राबवायचा हे वाटाघाटींवर सोपवलं. १९९८ मध्ये स्लोव्हाकिया परत न्यायालयात गेली, हंगेरी निकाल राबवत नाही म्हणून पुढचा निकाल द्या म्हणत. तो अर्ज तसाच पडून राहिला आणि २०१७ मध्ये स्लोव्हाकियाने मागे घेतला.

मुक्ता, तुमच्या काँक्रीटच्या वाक्यावर मी अडकलेय. व्हेरियंट सीचं बांधकाम कायदेशीर आणि नदी अडवणं तेवढं बेकायदा, ही रेघ न्यायालयाने ओढली, कारण तयारी म्हणजे कृत्य नव्हे. मग वर्षभर समोर भिंत उभी राहताना बघणाऱ्या हंगेरीने त्या वर्षात काय करायला हवं होतं? बांधकामालाही चूक म्हणणाऱ्या त्या सहा न्यायाधीशांची वेगळी मतं मला अजून वाचायची आहेत. पुढच्या आठवड्यात वाचून इथेच लिहिते.